परदेशातल्या उमेदवाराला मुलाखतीची वेळ कशी कळवायची? ‘सोमवारी ६ वाजता’ म्हणजे कुठले ६?



मागच्या व्हिडिओत आपण नोकरीची जाहिरात कशी लिहायची ते बघितलं. आज त्याच्या पुढची पायरी. अर्ज आले, त्यातला एक आवडला आणि कळलं की उमेदवार परदेशात आहे. आता त्याला मुलाखतीची वेळ द्यायची. काम दोन ओळींच्या मेसेजचं दिसतं, म्हणून आपण ते गाडीवर बसल्या बसल्या उरकतो. आणि तिथेच घोळ होतो.

घोळ कसा होतो, ते आपल्याच मंगरूळपीरच्या एका उदाहरणातून सांगतो. नावं सांगत नाही, पण हिशोब पूर्ण सांगतो.

काय झालं होतं?

मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजारच्या बाजूला एका भाऊंची तूरडाळीची छोटी मिल आहे. इतकी वर्षं सुटी डाळ व्यापाऱ्याला विकायचे. आता त्यांना स्वतःच्या नावाची एक किलोची पाकिटं काढायची होती. पाकीट म्हटलं की ओलावा, खडा, तुकडा, पॅकिंगची तारीख हे सगळं बघणारा जाणकार माणूस लागतो. जवळच्याच गावातली एक मुलगी लंडनला अन्नतंत्रज्ञान शिकून तिथेच नोकरी करत होती आणि तिला आता घराकडे परत यायचं होतं. तिचा अर्ज आला तेव्हा भाऊ खूश झाले. असा माणूस आपल्या भागात सहज मिळत नाही.

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दिवाळी तोंडावर होती. भाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं:

> मुलाखत २७ तारखेला सोमवारी ६ वाजता घेऊ. लिंक पाठवतो.

मुलीनं विचारलं, “सर, भारतातले संध्याकाळचे ६ ना?” भाऊंनी अंगठा पाठवला. तिनं चांगला प्रश्न विचारला होता, भाऊंनी बरोबर उत्तर दिलं होतं. तुम्ही म्हणाल, मग अडचण कुठे आली?

तिनं त्याच दिवशी मोबाइलमध्ये बघितलं. लंडन भारताच्या साडेचार तास मागे होतं. संध्याकाळच्या ६ मधून साडेचार तास वजा केले, की दुपारचे दीड. तिनं डायरीत लिहून ठेवलं: सोमवार, दुपारी १:३०. ऑफिसमधून त्या वेळेपुरती सुट्टीही मागून घेतली.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. रविवारी २६ ऑक्टोबरला पहाटे ब्रिटनमधली सगळी घड्याळं एक तास मागे गेली, कारण तिथली उन्हाळी वेळ त्या दिवशी संपते. आता लंडन भारताच्या साडेचार नाही, साडेपाच तास मागे होतं. म्हणजे भाऊंचे सोमवारचे ६ लंडनमध्ये दुपारचे १२:३० झाले. मुलीच्या डायरीत मात्र अजून दीडच होता.

सोमवारी भाऊ ५:५० ला लॅपटॉप उघडून बसले. ६ वाजले, सव्वासहा झाले, साडेसहा झाले. बाहेर ट्रक भरायचा होता. ६:४० ला ते उठले. मुलगी तिच्या घड्याळात बरोबर दीड वाजता, म्हणजे आपल्या ७ वाजता, लिंकवर आली. समोर कुणीच नाही. वीस मिनिटं थांबून तीही गेली.

मग तीन दिवस दोन्हीकडून शांतता. भाऊंना वाटलं, परदेशात राहून पोरीला आपल्या मिलची किंमत नाही. मुलीला वाटलं, या लोकांना वेळेची किंमत नाही. गुरुवारी भाऊंचा मला फोन आला, “सर, पाऊण घंटा बसलो ना मी, कोणी आलंच नाही.” मी मेसेज मागवून वाचले. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं, कुणीही आळस केला नव्हता. चूक त्या एका ओळीत होती. तिच्यात एकच घड्याळ होतं, दुसरं घड्याळ मुलीनं मनात मांडलं आणि ते तपासायला कुणी नव्हतं.

म्हणून आजचा मुद्दा एवढाच आहे: वेळेचं रूपांतर उमेदवारावर सोडायचं नाही. दोन्ही घड्याळांतली वेळ आपण लिहायची, ती मुलाखतीच्या तारखेची लिहायची आणि उमेदवाराकडून तपासून घ्यायची. हे कसं करायचं ते आता क्रमानं बघू.

पायरी १: आधी शहर विचारा

बरेच जण थेट विचारतात, “तुमचा टाइम झोन काय?” या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ वेळा चुकीचं येतं. अमेरिकेच्या पूर्व भागातली माणसं बाराही महिने सवयीनं `EST` लिहितात. खरं म्हणजे ते हिवाळ्याच्या वेळेचं नाव आहे, उन्हाळ्यात तिथे `EDT` चालतं आणि दोन्हींत एक तासाचा फरक आहे. आपण स्वतःही तेच करतो. आपण ऐटीत `IST` लिहितो, पण आयर्लंडमध्ये डब्लिनला बसलेल्या माणसासाठी `IST` म्हणजे त्यांची स्वतःची उन्हाळ्याची वेळ. इस्रायलची वेळही याच तीन अक्षरांनी लिहितात. म्हणून अक्षरं सोडा आणि सरळ ‘भारतीय वेळ’ किंवा ‘भारतातली वेळ’ असं लिहा.

शहराचं नाव मात्र फसवत नाही. लंडन म्हटलं की कुठल्याही तारखेला तिथे किती वाजलेत ते मोबाइल सांगतो. देशाच्या नावानंही नेहमी भागत नाही. ब्रिटनमध्ये सगळीकडे एकच वेळ आहे, पण अमेरिकेत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्यात तीन तासांचं अंतर आहे. फोन नंबरवरूनही कळत नाही. +१ हा क्रमांक अमेरिकेचाही आहे आणि कॅनडाचाही. शिवाय आज अमुक गावात असलेला माणूस मुलाखतीच्या दिवशी दुसरीकडेच असू शकतो.

म्हणून पहिला मेसेज असा छोटा असू द्या:

> नमस्कार (नाव). तुमचा अर्ज वाचला, आवडला. आपण ऑनलाइन मुलाखत घेऊ, साधारण ४० मिनिटं लागतील. २७ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या आठवड्यात तुम्ही कोणत्या शहरात असाल? आणि तिथल्या घड्याळानुसार तुम्हाला सकाळ, दुपार, संध्याकाळ यांपैकी काय सोयीचं पडेल? म्हणजे त्याप्रमाणे वेळा सुचवतो.

“कोणत्या शहरात राहता?” असं विचारलेलं नाही हे लक्षात घ्या. “त्या आठवड्यात कोणत्या शहरात असाल?” असं विचारलंय. दिवाळीला घरी आलेला उमेदवार इथेच तुम्हाला सांगेल, “सर, मी तेव्हा वाशीमलाच आहे.” मग घड्याळाचा प्रश्नच मिटला, त्याला मिलवरच बोलवा.

पायरी २: फरक आजचा नको, मुलाखतीच्या दिवसाचा काढा

भाऊंच्या प्रकरणातली खरी ठेच इथे लागली. मोबाइलमधलं जागतिक घड्याळ दोन शहरांतला *आजचा* फरक दाखवतं. मुलाखत दहा-बारा दिवसांनी असेल, तर मधे घड्याळ बदलणार आहे का, हे ते सांगत नाही.

आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच चालतं. ते जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि उन्हाळा असो की हिवाळा, कुणी त्याला हात लावत नाही. म्हणून हा विषय आपल्या डोक्यातच येत नाही. युरोप आणि अमेरिकेच्या बहुतेक भागात मात्र वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात. मार्चमध्ये एक तास पुढे, शरदात एक तास मागे. त्यातही दोघांच्या तारखा वेगळ्या आहेत. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिका आणि कॅनडाचा बहुतेक भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतो.

आपली मुलं जास्त करून जिथे असतात, तिथला हिशोब एकदा वहीत लिहून ठेवा:

- दुबई: वर्षभर भारताच्या दीड तास मागे. घड्याळ बदलत नाही.
- सिंगापूर: वर्षभर भारताच्या अडीच तास पुढे. घड्याळ बदलत नाही.
- लंडन: उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच तास मागे.
- जर्मनी: उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार तास मागे.
- न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टोरांटो: उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा तास मागे.
- कॅलिफोर्निया: उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे.

ही यादी अंदाज यायला चांगली आहे, पण शेवटची खात्री यादीवरून करायची नाही. `timeanddate.com` या साइटवर `Meeting Planner` आहे. त्यात मुलाखतीची तारीख आणि दोन्ही शहरं टाकली की त्या दिवशीच्या वेळा समोरासमोर दिसतात. तारीख टाकायला विसरू नका, नाहीतर पुन्हा आजचाच फरक हाती येईल. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. मुलाखत मार्च-एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असेल, तर ती दोनदा करा.

आपल्या साडेपाच तासांतला हा ‘अर्धा’ तोंडी हिशोबात फार चुकवतो. मनातल्या मनात माणूस पाच धरतो नाहीतर सहा धरतो. त्यामुळे वजाबाकी कितीही सोपी वाटली तरी कागदावर करा.

आणि ‘कुठल्या घड्याळाचे?’ हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही बरं का. भारताची प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, तेव्हा मुंबईनं ती पटकन मान्य केली नाही. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती आणि ती १९५५ पर्यंत वापरात राहिली. रेल्वेची वेळ एक आणि शहराची वेळ दुसरी. एकाच शहरात दोन घड्याळं असली की वेळ सांगताना ती कुठली हे बोलावंच लागतं. दोन देशांत तर ते लिहावंच लागणार.

पायरी ३: तीन पर्याय द्या, पण निवडून द्या

“तुम्हाला कधी जमेल ते सांगा” हा मेसेज नम्र वाटतो, पण तो चेंडू समोरच्याच्या अंगणात टाकतो. तो म्हणतो “केव्हाही चालेल”, तुम्ही म्हणता “मग बुधवारी?”, तो म्हणतो “बुधवारी शिफ्ट आहे.” अशात चार दिवस जातात. उलट एकच वेळ दिली, तर नोकरी करणाऱ्या उमेदवाराला ती जमेलच असं नाही, आणि “नाही जमत” म्हणायला तो कचरतो. म्हणून तीन पर्याय द्या. तिन्ही वेगळ्या दिवशीचे आणि दिवसाच्या वेगळ्या भागातले असू द्या.

पर्याय ठरवताना समोरच्याचं घड्याळ मनात ठेवा. लंडनच्या माणसाला आपले सकाळचे ११ दिलेत, तर हिवाळ्यात तिथे पहाटेचे साडेपाच असतात. तो हो म्हणेलही, पण अर्धवट झोपेत तुम्हाला त्याच्यातलं खरं काय दिसणार? आणि त्याच्या सोयीसाठी तुम्ही रात्री ११ ला बसलात, तर दिवसभर मिल चालवून थकलेले तुम्ही चांगला प्रश्न तरी काय विचारणार? दोघांनाही जाग असलेला तास शोधायचा.

लंडनसाठी हिवाळ्यात असे तीन तास मिळतात. आपली दुपारी १ म्हणजे तिथली सकाळी साडेसात, ऑफिसला निघण्याआधी. आपली संध्याकाळी ६ म्हणजे तिथली दुपारी साडेबारा, जेवणाच्या सुट्टीत. आणि शनिवारी आपली दुपारी साडेचार म्हणजे तिथली सकाळी ११, निवांत.

पर्याय पाठवण्याआधी ते तास तुमच्याकडे खरंच मोकळे आहेत ना, हे बघा. माल भरायचा दिवस, बाजार समितीत जायचा दिवस, तुमच्या भागात वीज जाण्याची वेळ हे टाळा. एकच वेळ दोन उमेदवारांना देऊ नका, आणि दिलेल्या वेळा किती तारखेपर्यंत राखून ठेवणार तेही लिहा. नाहीतर उमेदवार आठ दिवसांनी “पहिला पर्याय चालेल” म्हणतो आणि तिथे तुम्ही दुसऱ्याला बसवलेलं असतं.

पायरी ४: मेसेज लिहू या

भाऊंनी १६ ऑक्टोबरला हा मेसेज पाठवायला हवा होता:

> नमस्कार (नाव),
> आपल्या मिलमधल्या गुणवत्ता तपासणीच्या कामासाठी तुमची ऑनलाइन मुलाखत ठरवू या. वेळ साधारण ४० मिनिटं. मी आणि माझा धाकटा भाऊ असू. बोलणं मराठीतच.
>
> तीन वेळा सुचवतो, सोयीची एक निवडा:
> अ) सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५: भारतात संध्याकाळी ६:००, लंडनमध्ये दुपारी १२:३०
> ब) बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५: भारतात दुपारी १:००, लंडनमध्ये सकाळी ७:३०
> क) शनिवार, १ नोव्हेंबर २०२५: भारतात दुपारी ४:३०, लंडनमध्ये सकाळी ११:००
>
> २६ ऑक्टोबरला तुमच्याकडे घड्याळ एक तास मागे जाईल, ते धरून लंडनच्या वेळा लिहिल्या आहेत. एकदा तुमच्याकडूनही तपासून घ्या. त्या दिवशी तुम्ही लंडनमध्येच असाल ना, तेही कळवा.
>
> या वेळा सोमवार २० ऑक्टोबरपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो. तिन्ही जमत नसतील तर मोकळेपणानं सांगा, दुसऱ्या बघू.

यातल्या दोन-तीन गोष्टींकडे जरा नीट बघा.

प्रत्येक ओळीत वार, तारीख, महिन्याचं नाव आणि दोन्ही शहरांची वेळ आहे. वार आणि तारीख दोन्ही दिल्यानं तुमची स्वतःची चूक पकडली जाते. “मंगळवार, २७ ऑक्टोबर” असं चुकून लिहिलंत, तर उमेदवार लगेच विचारेल. महिना आकड्यात लिहू नका. १/११ हे आपल्यासाठी एक नोव्हेंबर, पण अमेरिकेत राहणाऱ्यासाठी अकरा जानेवारी. तसंच ‘परवा’, ‘पुढच्या सोमवारी’ हे शब्द मेसेजमध्ये नकोत. आपल्या मराठीत परवा होऊन गेलेलाही असतो आणि येणाराही असतो, आणि ‘पुढचा सोमवार’ म्हणजे येता की त्याच्या पुढचा, यावर घरातल्या घरात वाद होतात.

नुसतं ‘६ वाजता’ न लिहिता ‘संध्याकाळी ६:००’ लिहा. दुपारचे १२ आणि रात्रीचे १२ तर टाळाच. रात्रीच्या १२ ला तारीख कुठली धरायची हा नवाच घोळ होतो. आणि वेळ व्हॉइस मेसेजमध्ये सांगू नका. ‘दीड’ आणि ‘अडीच’ ऐकताना चुकतात, शिवाय आदल्या दिवशी शोधायला गेलं की सापडत नाहीत.

‘अ, ब, क’ दिल्यानं उमेदवार एका अक्षरात उत्तर देऊ शकतो. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. ते पुढच्या पायरीत बघू.

पायरी ५: ‘ओके’ म्हणजे पक्कं नाही

आपली मोठी सवय म्हणजे अंगठा आला की विषय संपला. भाऊंच्या बाबतीत अंगठा होता, तरी मुलाखत झाली नाही. अंगठा सांगतो की मेसेज वाचला. समोरच्यानं डायरीत काय लिहिलं, ते अंगठा सांगत नाही.

म्हणून उमेदवारानं “क चालेल” म्हटलं की पक्का मेसेज पुन्हा पूर्ण लिहायचा. यात आता एकच वेळ असेल, बाकीच्या दोन पुसल्या गेल्या पाहिजेत:

> छान. मग पक्कं: शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. भारतात दुपारी ४:३०, लंडनमध्ये सकाळी ११:००. बाकीच्या दोन वेळा मी मोकळ्या करतो.
> लिंक: (इथे लिंक)
> कॅलेंडरचं निमंत्रण ई-मेलवर पाठवलं आहे. ते उघडून तुमच्या मोबाइलमध्ये किती वाजता दिसतंय, ते कृपया आकड्यात लिहून कळवा.
> लिंक चालली नाही तर मी याच नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप कॉल करेन. १५ मिनिटांत संपर्क झाला नाही, तर कुणीही नाराज न होता नवी वेळ ठरवू.

“तुमच्या मोबाइलमध्ये किती वाजता दिसतंय ते आकड्यात लिहा” ही ओळ या सगळ्या धड्याचा प्राण आहे. उमेदवारानं “सकाळी ११” लिहिलं, तर दोन घड्याळं जुळली. “दुपारी १२” लिहिलं, तर चूक आत्ताच सापडली, मुलाखतीच्या दिवशी नाही. भाऊंनी त्या दिवशी अंगठ्याऐवजी “तुमच्याकडे किती वाजता येतं?” एवढं विचारलं असतं, तर मुलीनं “दीड” लिहिलं असतं आणि कुणीतरी पडताळून बघितलं असतं.

कॅलेंडरचं निमंत्रण गूगल कॅलेंडरमधून फुकट पाठवता येतं. नवी नोंद करा, तारीख आणि भारतातली वेळ टाका, `Time zone` मध्ये भारताची वेळ निवडलेली आहे ना ते बघा आणि उमेदवाराचा ई-मेल जोडा. निमंत्रण त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या शहराच्या वेळेनं दिसतं आणि मधे घड्याळ बदलणार असेल तर तेही धरलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमधले आकडे मात्र आपोआप बदलत नाहीत, जसे लिहिले तसेच राहतात. म्हणून दोन्ही वापरा. मेसेज वाचायला आणि निमंत्रण पडताळायला.

शेवटच्या ओळीतला ‘१५ मिनिटांचा’ नियमही कामाचा आहे. भाऊ पाऊण तास बसले आणि त्या पाऊण तासात त्यांचा राग पिकला. पंधरा मिनिटांनी एक मेसेज गेला असता, “मी लिंकवर आहे, तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत?”, तर सव्वासहालाच उलगडा झाला असता आणि सातला मुलाखत झाली असती. आदल्या दिवशी आठवण करून देतानाही याच रीतीनं दोन्ही वेळा पुन्हा लिहा.

एक सूचना दुबईबद्दल. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरच्या कॉलवर बंधनं आहेत, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप कॉलच्या भरवशावर राहू नका. कोणत्या अ‍ॅपवर बोलणं होतं, हे तिथल्या उमेदवारालाच आधी विचारा.

अमेरिका असेल तर तारीखही दोनदा

लंडनच्या हिशोबात वार बदलत नाही, म्हणून तो सोपा. अमेरिकेत आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली रात्र. समजा उमेदवार न्यू जर्सीत आहे आणि तुम्हाला मिल सुरू व्हायच्या आधी, मंगळवारी सकाळी ७:३० ला बोलायचंय. हिवाळ्यात साडेदहा तास वजा करा: सोमवारची रात्र, ९ वाजता. तुम्ही नुसतं “मंगळवारी” लिहिलंत, तर तो मंगळवारी रात्री ९ ला लिंकवर येईल, तेव्हा तुमचा बुधवार उजाडलेला असेल. पूर्ण एक दिवस चुकला. म्हणून असं लिहा:

> भारतात मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:३०
> न्यू जर्सीत सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:००

शक्य असेल तर तारीख न बदलणारी वेळ निवडा. आपली संध्याकाळी ६:३० म्हणजे हिवाळ्यात न्यू जर्सीत त्याच दिवशीची सकाळी ८. दोघांचाही वार एकच राहतो.

मग भाऊंचं काय झालं?

गुरुवारी, ३० ऑक्टोबरला आम्ही याच साच्यात नवा मेसेज लिहिला. सुरुवातीला दोन ओळी साध्या: “सोमवारी मी ६ ते ६:४० लिंकवर होतो. आज कळलं की तुमच्याकडे रविवारी घड्याळ बदललं आणि मी तुमची वेळ लिहिलीच नव्हती. चूक माझी, माफ करा.” त्याखाली नव्या वेळा, दोन्ही शहरांच्या. मुलीचं उत्तर तासाभरात आलं. “सर, मी दीडला आले होते, वीस मिनिटं थांबले.” शनिवारी १ नोव्हेंबरला आपल्या साडेचारला मुलाखत झाली आणि ४० मिनिटांची ती सव्वा तास चालली.

ती आज भाऊंकडे कामाला नाही. पगारावर जमलं नाही. पण पाकिटावर काय काय तपासायचं याची यादी तिनं बोलता बोलता सांगितली आणि अकोल्यात काम करणाऱ्या तिच्या वर्गमित्राचा नंबर दिला. डाळ आता तो बघतो. नाही म्हणायचं तर दोघांनी बोलून म्हणावं. घड्याळानं परस्पर नाही म्हणून टाकलं, तर आपण काय गमावलं तेही कळत नाही.

आजचा गृहपाठ

तुमच्या मोबाइलमध्ये परदेशातल्या एका नातेवाइकाचं किंवा मित्राचं नाव काढा. आजपासून तीन आठवड्यांनंतरची एक तारीख धरा आणि त्याच्याशी अर्धा तास बोलायला तीन वेळा सुचवणारा मेसेज वरच्या साच्यात लिहा. दोन्ही शहरांची वेळ, वार, महिन्याचं नाव सगळं आलं पाहिजे. पाठवा आणि त्याला विचारा, “तुझ्याकडे हे किती वाजता येतं?” त्यानं लिहिलेला आकडा तुमच्या आकड्याशी जुळला, तर साचा जमला. नाही जुळला, तर चूक घरातच सापडली, उमेदवारासमोर नाही.

पुढच्या भागात बघू, मुलाखतीच्या ४० मिनिटांत काय विचारायचं. भेटूया.